जुना करार नेमका कधी संपला?

श्रोतेहो, नमस्कार.

करार पूर्ण करून संपतो, मोडून संपतो, आणि तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही बाजू बसून बोलतात आणि तो संपवतात. आज या तिसऱ्या मार्गाविषयी बोलू. वरवर पाहिलं तर यात अवघड काही नाही. दोघांनी ठरवलं, झालं. पण पुढे वाद कोर्टात जातो तेव्हा प्रश्न एकच असतो: जुना करार नेमका कोणत्या क्षणी संपला?

आपल्याकडे याची उत्तरं 1872 च्या भारतीय करार कायद्यातल्या 62 आणि 63 या दोन कलमांत आहेत. दोन्ही अगदी छोटी आहेत. ती समजून घ्यायला एकच उदाहरण धरून चालू. एका बाईंनी एका सुताराला पुस्तकांची कपाटं करायला सांगितली. किंमत ठरली 60 हजार, आगाऊ दिले 15 हजार.

समजा, काम सुरू व्हायच्या आधीच बाईंचा बेत बदलला आणि सुतारालाही दुसरं मोठं काम मिळालं. दोघं म्हणाले, जाऊ दे. हे परस्पर संमतीने करार रद्द करणं, म्हणजे रिसीशन. बाईंना कपाटं मागता येत नाहीत, सुताराला उरलेले पैसे मागता येत नाहीत. एकानं आपला हक्क सोडला, त्याच्या बदल्यात दुसऱ्यानं आपला सोडला, म्हणून वेगळा मोबदला लागत नाही. भांडण होतं ते आगाऊ दिलेल्या 15 हजारांवरून. सुतारानं तोवर लाकूड आणलेलं असतं. म्हणून ‘ऑर्डर रद्द’ एवढ्यावर थांबू नये. आगाऊ रकमेतलं किती परत, किती कापायचं आणि कोणत्या तारखेला, हे त्याच कागदावर लिहावं.

आता दुसरी शक्यता. सुतार सांगतो, ‘मला हे काम जमणार नाही, माझा सहकारी करेल.’ बाई, सुतार आणि सहकारी या तिघांनी मान्य केलं, तर जुना करार त्याच क्षणी संपला आणि त्याच्या जागी नवा उभा राहिला. याला नोव्हेशन म्हणतात. कपाटं वाकडी झाली तर बाईंनी जाब विचारायचा तो सहकाऱ्याला. पण यात तिघांचा होकार लागतो, आणि लोक विसरतात ते नेमकं हेच. सुतारानं काम परस्पर सहकाऱ्याकडे सोपवलं आणि बाईंनी त्याला सुताराच्या जागी कधीच स्वीकारलं नाही, तर बाईंच्या लेखी जबाबदार पहिलाच सुतार. खुद्द 62 व्या कलमाखाली असंच एक उदाहरण दिलेलं आहे. एकानं आपलं देणं दुसऱ्याच्या खाती वळवायला सांगितलं, पण ज्याला पैसे मिळायचे त्यानं होकार दिला नाही, म्हणून जुनं देणं तसंच राहिलं.

पक्ष तेच ठेवून अटी बदलल्या तरी नवा करार होऊ शकतो. पण प्रत्येक बदल म्हणजे नवा करार नव्हे. मुदत आठवडाभर वाढवली म्हणून मूळ करार पुसला जात नाही. तो त्या बदलासह चालू राहतो.

आता सगळ्यात चिवट भागाकडे येऊ. कपाटं तयार झाली, पण बाई म्हणतात पॉलिश खराब आहे. सुताराचे 45 हजार यायचे आहेत. बोलणी होतात आणि ठरतं की महिनाअखेर 30 हजार देऊन विषय मिटवायचा. कायद्याच्या भाषेत हे ठरणं म्हणजे अ‍ॅकॉर्ड, आणि ठरल्याप्रमाणे पैसे हातात पडणं म्हणजे सॅटिस्फॅक्शन. महिना संपला, बाईंनी पैसे दिलेच नाहीत. आता सुतारानं मागायचे किती, 30 की 45?

तडजोडीत काय ठरलं होतं, यावर उत्तर अवलंबून आहे. ‘30 हजार मिळाल्यावर हिशेब पूर्ण’ असं ठरलं असेल, तर पैसे मिळेपर्यंत जुनं येणं जिवंत आहे आणि सुतार 45 हजार मागू शकतो. पॉलिशची तक्रार मात्र बाईंच्याही हाती परत येते. ‘जुनं येणं आजपासून संपलं, यापुढे फक्त 30 हजारांचं देणं’ असं असेल, तर त्यानं नुसतं वचनच भरपाई म्हणून स्वीकारलं. आता 30 च्या वर मागता येणार नाही. कलकत्ता हायकोर्टापुढे 1888 मध्ये असाच खटला आला होता. ठरल्या तारखेला 1,173 रुपये देणं बुडालं होतं. मग धनको 400 रोख आणि 700 चा नवा रोखा घ्यायला तयार झाला. ऋणकोनं ना पैसे दिले, ना रोखा. कोर्टानं धनकोला मूळ देण्यावर दावा चालवू दिला.

आता बाईंनी 30 हजार खरोखर दिले असं धरू. सुतारानं ते ‘सर्व येणे मिळाले’ म्हणून घेतले आणि वर्षानं उरलेल्या 15 साठी आला. इंग्लंडच्या कायद्यात, देण्याच्या रकमेबद्दल वाद नसेल, तर कमी रक्कम देऊन मोठं देणं फिटत नाही. 1602 पासूनचा हा नियम 1884 मध्ये त्यांच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं पुन्हा पक्का केला. आपलं 63 वं कलम मुद्दाम वेगळ्या वाटेनं जातं. ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा त्याला योग्य वाटेल ती भरपाई स्वीकारू शकतो. सोडण्यासाठी मोबदल्याची गरज नाही. मला हा नियम व्यवहाराला जास्त धरून वाटतो. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टात एका जवाहिऱ्याचं प्रकरण होतं. हैदराबादच्या राजघराण्याकडून त्याला सुमारे 27 लाख येणं होतं. त्यानं पूर्ण फेड म्हणून 20 लाख घेतले आणि मग उरलेल्यासाठी दावा लावला. कोर्टानं 63 व्या कलमावर बोट ठेवून तो फेटाळला.

मात्र स्वीकार मोकळ्या मनानं झालेला हवा. ‘आधी पूर्ण रक्कम मिळाल्याच्या पावतीवर सही करा, मगच चेक मिळेल’ अशी अडवणूक करून सही घेतली असेल, तर ती पावती वादाचा शेवट ठरेलच असं नाही. पण दबाव होता हे सांगणाऱ्यानं सिद्ध करावं लागतं, आणि तक्रार जितकी उशिरा तितकी ती लंगडी.

यातच चेकचा प्रश्न येतो. पत्रासोबत कमी रकमेचा चेक आला, पत्रात लिहिलंय की हा पूर्ण व अंतिम फेड म्हणून आहे, मान्य नसेल तर परत करा. तुम्ही चेक वटवला आणि मग निषेधाचं पत्र धाडलं. रेल्वेकडून आलेल्या अशाच चेकच्या प्रकरणात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, चेक वटवणं हाच होकार. निषेध नोंदवायचा तर तो वटवण्याआधी. तेव्हा असं पत्र आलं तर बँकेत जायच्या आधी उत्तर पाठवा आणि ते कोणत्या तारखेला पोचलं याचा पुरावा जपून ठेवा.

नमस्कार.