उशिरा आलेले बिल आणि त्याला द्यायचे उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या आसपास भोसरी, चाकण, हिंजवडी या पट्ट्यात असे कोणतेही महिनाअखेरीचे दोन-तीन दिवस जात नाहीत, की ज्या दिवशी एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स विभागातून एखाद्या लहान पुरवठादाराला दोन ओळींचा ईमेल जात नाही. मजकूर ठरलेला असतो : ‘आपले बिल मुदतीनंतर प्राप्त झाल्यामुळे नाकारण्यात येत आहे. कृपया पुढील महिन्यात पुन्हा सादर करावे.’ लिहिणाऱ्याच्या दृष्टीने काम संपलेले असते. मात्र या दोन वाक्यांत पैशाचे आणि कायद्याचे दोन घोटाळे दडलेले आहेत, आणि आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

उदाहरणादाखल एक व्यवहार घेऊ. भोसरी एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याने चाकणच्या एका कंपनीला लोखंडी ब्रॅकेट बनवून पुरवले. मालाची किंमत 2,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000 रुपये, एकूण बिल 2,36,000 रुपयांचे. माल 22 ऑगस्टला गेटवर उतरला आणि बिलही त्याच तारखेचे आहे. कंपनीचा नियम असा, की दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत पोर्टलवर चढवलेल्या बिलांचे पैसे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला मिळतात. या कारखानदाराने बिल पोर्टलवर चढवले 28 ऑगस्टला, म्हणजे तीन दिवस उशिरा.

ही 25 तारीख कोणाच्या लहरीने ठरलेली नसते. बिल आले की ते पर्चेस ऑर्डरशी आणि स्टोअर्सने केलेल्या माल-आवक नोंदीशी, म्हणजे जीआरएनशी, ताडून पाहावे लागते. दर, नग आणि कर जुळले की विभागप्रमुखाची मंजुरी लागते, मग टीडीएसचा हिशेब होतो, पेमेंटची यादी तयार होते आणि बँकेत एकाने भरलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याखेरीज पैसे सुटत नाहीत. त्याच दिवसांत महिन्याची खातीही बंद करायची असतात. एका पुरवठादाराचे बिल मध्येच घुसवले, की त्याच्यामागे दहा जण रांगेत उभे राहतात. म्हणून मुदत पाळण्याचा आग्रह मला रास्त वाटतो. माझी तक्रार आहे ती त्या ‘नाकारण्यात येत आहे’ या शब्दांबद्दल आणि ‘पुन्हा सादर करावे’ या सूचनेबद्दल.

बिल परत पाठवण्याची कारणे दोन जातीची असतात. एक, बिलातच दोष आहे : पर्चेस ऑर्डरचा क्रमांक चुकला, जीएसटी क्रमांक दुसऱ्या राज्यातील शाखेचा पडला किंवा नगांची संख्या जीआरएनपेक्षा जास्त दाखवली. असे बिल दुरुस्त व्हायलाच हवे. दुसरे, बिल निर्दोष आहे, फक्त या फेरीत बसले नाही. आपल्या उदाहरणातले बिल दुसऱ्या जातीचे आहे. पण ‘नाकारले, पुन्हा द्या’ असे वाचल्यावर कारखानदार काय करतो? साहेबांनी परत मागितले म्हणजे नवीनच करायला हवे असे समजून तो सप्टेंबरची तारीख टाकून नव्या क्रमांकाचे बिल काढतो.

इथेच पहिला घोटाळा होतो. मालाचे कर-बिल माल कारखान्यातून निघताना किंवा त्याआधी काढावे लागते. 22 ऑगस्टला उतरलेल्या मालाला सप्टेंबरची तारीख देता येत नाही. शिवाय दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराने ऑगस्टचे बिल 11 सप्टेंबरपर्यंत जीएसटीआर-1 मध्ये दाखवलेले असते आणि 14 तारखेला ते चाकणच्या कंपनीच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे खरेदीदाराला पोर्टलवर आपोआप मिळणाऱ्या बिलांच्या यादीत, उमटते. आता त्याच मालाचे दुसरे बिल आले, की एका मालावर दोनदा कर दिसू लागतो आणि पहिले रद्द करण्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते. खरेदीदाराच्या बाजूलाही गोंधळ उडतो, कारण दोन क्रमांकांपैकी ज्याच्यावर कराची वजावट घ्यायची तो कोणता, हे ठरवता ठरवता आणखी एक महिना निघून जातो. अकाउंट्समधला मुलगा आधी पोर्टल पाहतो, मग 2बी पाहतो आणि शेवटी पुरवठादारालाच फोन करून विचारतो की ‘तुमचं खरं बिल कुठलं?’

यात एक अन्याय्य भागही आहे. कारखानदाराला तो 36,000 रुपयांचा कर, इनपुटची वजावट सोडून, 20 सप्टेंबरपर्यंत सरकारजमा करावाच लागतो, मग त्याच्या हातात पैसे आलेले असोत वा नसोत. ऐन गणपतीच्या दिवसांत कामगारांना उचल द्यायची आणि वर न मिळालेल्या पैशांवरचा कर भरायचा, हे गणित त्याच्या बाजूने बसून मांडल्याशिवाय कळत नाही.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे आणि तो ‘पुढील महिन्यात’ या शब्दांत आहे. कंपनीच्या नियमाने 28 ऑगस्टचे बिल 25 सप्टेंबरच्या मुदतीत धरले जाते आणि पैसे मिळतात 10 ऑक्टोबरला. आता 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा पाहा. त्यातल्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला द्यायच्या पैशांची मुदत लेखी ठरवता येते, पण ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी ठराव नसेल तर मुदत अवघी 15 दिवसांची. पर्चेस ऑर्डरवर ‘60 दिवस’ छापलेले असले तरी या पुरवठादारांच्या बाबतीत ते चालत नाही. आणि स्वीकारण्याचा दिवस कोणता? मालाबद्दल 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस. बिल पोर्टलवर उशिरा चढले, ही हरकत मालाबद्दलची नव्हे. म्हणजे घड्याळ 22 ऑगस्टलाच सुरू झाले आणि नाकारण्याच्या ईमेलने ते थांबत नाही.

दिवस मोजून पाहू. 31 ऑगस्टपर्यंत 9 दिवस झाले, 30 सप्टेंबरपर्यंत 39, आणि 45 वा दिवस येतो 6 ऑक्टोबरला. कंपनीची पुढची फेरी 10 ऑक्टोबरची. उशीर चार दिवसांचा, पण कलम 16 चे व्याज लागू होण्यास तो पुरेसा आहे, आणि ते व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने मोजायचे असते. चार दिवसांची रक्कम फार मोठी होणार नाही. तरी अशी पन्नास बिले एकत्र आली, की लेखापरीक्षक ती यादी मागतोच.

आर्थिक वर्षाच्या शेवटी याला आणखी धार येते. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे कायद्याच्या मुदतीनंतर दिले, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्या वर्षीच वजा मिळतो. 20 फेब्रुवारीला उतरलेल्या मालाचे 45 दिवस, लीप वर्ष नसल्यास, 6 एप्रिलला भरतात. तोवर पैसे दिले तर खर्च सरत्या वर्षात धरता येतो. पण 25 फेब्रुवारीची मुदत हुकली म्हणून बिल 10 एप्रिलच्या फेरीत ढकलले, तर सरत्या वर्षाच्या नफ्यात तेवढी भर पडून त्यावर आधी कर भरावा लागतो. अर्थात ही तरतूद आणि 45 दिवसांचे संरक्षण सरसकट सर्वांना नाही. मध्यम उद्योगाला ते मिळत नाही, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही मिळत नाही. आपला ब्रॅकेटवाला स्वतः उत्पादन करतो, त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली आहे, म्हणून तो त्यात बसतो.

तेव्हा उत्तर लिहिण्यापूर्वी अकाउंट्सने दोन गोष्टी पाहाव्यात. एक, गेट-रजिस्टर आणि बिलाच्या मागचा आवक शिक्का, कारण मूळ प्रत मालाबरोबर आलेली असते आणि उशीर पुरवठादाराचा आहे की आपल्या स्टोअर्सने जीआरएन चार दिवस दाबून ठेवला म्हणून पोर्टल बिल घेत नव्हते, हे तिथेच कळते. उशीर आपला असेल तर ईमेल पाठवूच नये. बिल चालू फेरीत घ्यावे. आणि दुसरे, पुरवठादाराच्या नोंदीत उद्यमचा रकाना भरलेला आहे का ते. हे पाहिल्यावर ईमेल साधारण असा होईल.

‘विषय : बिल क्रमांक 147, दिनांक 22 ऑगस्ट — मुदतीनंतर प्राप्त, पैसे देण्याची तारीख.

महोदय, सप्रेम नमस्कार. आपले वरील बिल आम्हाला 28 ऑगस्ट रोजी पोर्टलवर मिळाले. करारातील अटीनुसार 10 सप्टेंबरच्या फेरीसाठी बिल 25 ऑगस्टपर्यंत पोहोचणे आवश्यक होते, त्यामुळे ते या फेरीत घेता येत नाही. बिलात कोणताही दोष आढळलेला नाही. कृपया ते रद्द करू नये, तारीख बदलू नये आणि नवीन बिल पाठवू नये. हेच बिल आमच्याकडे नोंदवलेले आहे. आपला उद्योग लघु वर्गात नोंदलेला असल्याने 2,36,000 रुपयांची ही रक्कम 10 ऑक्टोबरच्या नियमित फेरीऐवजी 25 सप्टेंबरच्या पूरक फेरीत देण्यात येईल. पैसे जमा झाल्यावर बँकेचा यूटीआर क्रमांक याच पत्त्यावर कळवू. यापुढे जीआरएन होताच बिल पोर्टलवर चढवावे, ही विनंती. जीआरएन होण्यास विलंब झाल्यास आम्हाला त्याच दिवशी कळवावे.’

या पत्रात ‘नाकारले’ हा शब्द कुठेच नाही, तरी नकार पूर्णपणे स्पष्ट आहे. तारीख दिली आहे, आणि ती 45 दिवसांच्या आत आहे. पूरक फेरीची सोय ज्या कंपनीत नाही, तिथे वित्तप्रमुखाची मंजुरी घेऊन हे एकच पेमेंट वेगळे सोडावे लागेल. बहुतेक कंपन्यांत त्यासाठी एका पानाचा अर्ज असतो, आणि तो भरायचा कंटाळा हेच दोन ओळींच्या ईमेलचे खरे कारण असते, असा माझा अनुभव आहे.

पुरवठादाराच्या बाजूने एवढेच, की असा ईमेल आल्यावर फोनवर वाद न घालता त्याला उत्तर द्यावे, त्यात माल पोहोचल्याची तारीख आणि गेटवरच्या सहीशिक्क्याच्या प्रतीचे छायाचित्र जोडावे, उद्यम प्रमाणपत्र पुन्हा पाठवावे आणि 45 वा दिवस कोणता येतो तो तारखेनिशी लिहावा. उद्यमचा रकाना कोरा असेल तर कंपनीची संगणकप्रणाली त्याला साधा पुरवठादार समजून 10 ऑक्टोबरच दाखवत राहते.