थोरियमचा सत्तावीस दिवसांचा थांबा

थोरियम-२३२ अणुभट्टीत ठेवले, तरी ते स्वतःहून पेट घेत नाही. मंद न्यूट्रॉन त्याच्या केंद्रकावर आदळला, तर केंद्रक फुटण्याऐवजी तो न्यूट्रॉन आत सामावून घेते. नैसर्गिक युरेनियमचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग असलेले युरेनियम-२३८ही असेच वागते. अशा पदार्थांना फर्टाइल म्हणतात, कारण गिळलेल्या न्यूट्रॉनमधूनच त्यांच्या पोटी पुढे विखंडनक्षम, म्हणजे फिसाइल, इंधन तयार होते. प्रजनक अणुभट्टीची सारी कल्पना या रूपांतरावर उभी आहे. हे रूपांतर घडते कसे आणि त्यात नेमके अडते कुठे, ते आपण थोरियमच्या बाबतीत पाहणार आहोत.

(पडद्यावर)

```
Th-232 + n → Th-233 + γ
Th-233 → Pa-233 + β⁻ + ν̄
Pa-233 → U-233 + β⁻ + ν̄
```

पहिल्या पायरीत थोरियम-२३२ न्यूट्रॉन शोषून थोरियम-२३३ होते आणि वाढलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हे नवे केंद्रक अस्थिर असते. सुमारे २२ मिनिटांच्या अर्धायुष्याने त्यातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो आणि प्रोटॅक्टिनियम-२३३ जन्माला येते. तिसरी पायरीही याच जातीची आहे, पण ती फार सावकाश पार पडते, कारण प्रोटॅक्टिनियम-२३३चे अर्धायुष्य जवळजवळ २७ दिवसांचे आहे. त्यानंतर हाती येते युरेनियम-२३३, जे मंद न्यूट्रॉननेही सहज फुटते.

युरेनियम-२३८ची साखळी अगदी या साच्यातली आहे. त्यापासून आधी युरेनियम-२३९, मग नेप्च्युनियम-२३९ आणि शेवटी प्लुटोनियम-२३९ तयार होते. फरक आहे तो मधल्या थांब्यात: नेप्च्युनियमचे अर्धायुष्य अवघे २.४ दिवसांचे, तर प्रोटॅक्टिनियमचे २७ दिवसांचे. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक भट्टीच्या आत बराच महाग पडतो.

तो का, हे कळण्यासाठी न्यूट्रॉनांचा हिशोब मांडावा लागतो. इंधनाच्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन शोषल्यावर सरासरी किती नवे न्यूट्रॉन मिळतात, हा आकडा येथे निर्णायक ठरतो. त्यातला एक न्यूट्रॉन विखंडनाची मालिका चालू ठेवण्यासाठी लागतो आणि जळालेल्या केंद्रकाच्या जागी नवे केंद्रक घडवण्यासाठी आणखी एक थोरियमला द्यावा लागतो. म्हणजे हा आकडा दोनपेक्षा पुरेसा मोठा नसेल, तर इंधनाची भरपाई होणेच शक्य नाही. मंद न्यूट्रॉनांच्या भट्टीत युरेनियम-२३५साठी तो २ च्या किंचित वर असतो आणि प्लुटोनियम-२३९ची स्थितीही फारशी वेगळी नसते. युरेनियम-२३३साठी मात्र तो २.३ च्या जवळ जातो. प्लुटोनियमचा आकडा वेगवान न्यूट्रॉनांच्या भट्टीत चांगला वाढतो, म्हणून युरेनियम-२३८च्या प्रजनक भट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे पाणी टाळून द्रवरूप सोडियम वापरतात. थोरियमचे वेगळेपण असे की त्याच्यापासून मंद न्यूट्रॉनांच्या भट्टीतही, निदान तत्त्वतः, प्रजनन साधता येते.

परंतु २.३ मधून २ वजा केल्यावर उरतात ०.३ न्यूट्रॉन. पाण्याने शोषलेले, इंधनाच्या धातूच्या नळ्यांनी गिळलेले, विखंडनातून निघालेल्या मूलद्रव्यांनी खाल्लेले आणि भट्टीबाहेर निसटलेले, असे सगळे न्यूट्रॉन या ०.३ मध्येच बसवावे लागतात. आणि आपली वेळ येण्याची वाट पाहत २७ दिवसांच्या अर्धायुष्याने पडून असलेले प्रोटॅक्टिनियमही त्यात वाटेकरी होते. त्याने एखादा न्यूट्रॉन शोषला, तर ते प्रोटॅक्टिनियम-२३४ होऊन युरेनियम-२३४मध्ये बदलते, आणि मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३४ सहसा फुटत नाही. म्हणजे एकाच घटनेत न्यूट्रॉनही गेला आणि उद्याचे इंधनही गेले.

हे नुकसान किती, याचा अंदाज बांधता येतो. समजा, भट्टीत दर सेकंदाला एका चौरस सेंटीमीटरमधून शंभर लाख कोटी मंद न्यूट्रॉन जातात. प्रोटॅक्टिनियमची मंद न्यूट्रॉन पकडण्याची क्षमता, जी बार्न या एककात मोजतात, सुमारे ४० बार्न धरली, तर शंभरातले एखाद-दुसरे केंद्रक युरेनियम-२३३ होण्याआधीच वाया जाते. मध्यम ऊर्जेच्या न्यूट्रॉनांना प्रोटॅक्टिनियम याहून जोरात पकडते, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान यापेक्षा अधिक असते. न्यूट्रॉनांचा मारा दुप्पट केला, की हे प्रमाणही जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच थोरियमची भट्टी लहान आकारात फार जोराने चालवणे प्रजननाच्या मुळावर येते.

(दृश्य: अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य, ओहायो नदीकाठचे शिपिंगपोर्ट वीजकेंद्र)

हा हिशोब प्रत्यक्षात जुळवून दाखवला तो शिपिंगपोर्टने. १९५७ पासून वीज देणाऱ्या या केंद्रात १९७७ साली थोरियम आणि युरेनियम-२३३ यांचा नवा गाभा बसवण्यात आला. तिथे साधे पाणीच वापरायचे होते आणि साधे पाणी न्यूट्रॉन शोषते, म्हणून इंधनाच्या कांड्या अगदी जवळजवळ बसवून मधले पाणी कमीत कमी ठेवले गेले. त्याहून विचारपूर्वक होती ती नियंत्रणाची रीत. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या आत घालण्याऐवजी युरेनियम-२३३ने समृद्ध असलेले इंधनाचे भाग वर-खाली हलवून शक्ती कमी-जास्त केली जाई. त्यामुळे नियंत्रणासाठी वाया जाणारे न्यूट्रॉन थोरियमच्या वाट्याला आले. १९८२ साली भट्टी बंद झाल्यावर गाभ्यातील इंधन तपासले गेले, तेव्हा विखंडनक्षम द्रव्य सुरुवातीपेक्षा १.३९ टक्क्यांनी अधिक निघाले. पाच वर्षे वीज देऊनही इंधन घटले नाही, उलट थोडे वाढले. साध्या पाण्याच्या भट्टीकडून मिळालेले हे यश मला फार मोलाचे वाटते. मात्र ही वाढ किती निसटती होती, तेही त्याच आकड्यात दिसते.

प्रोटॅक्टिनियमचा परिणाम भट्टी बंद केल्यावरही थांबत नाही. मालिका तुटली तरी साठलेले प्रोटॅक्टिनियम युरेनियम-२३३मध्ये बदलतच राहते. म्हणून बंद पडलेल्या गाभ्याची पुन्हा पेटण्याची क्षमता आठवडे उलटतील तशी वाढत जाते, आणि ही वाढ आधीच धरून भट्टी पुरेशी खाली दाबून ठेवावी लागते. शिल्लक प्रोटॅक्टिनियम किती, हे त्याच्या ३१२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांवरून मोजता येते. ते हजारव्या हिश्श्यावर यायला सुमारे नऊ महिने लागतात.

या साखळीला एक आडवाटही आहे. वेगवान न्यूट्रॉन थोरियममधून दोन न्यूट्रॉन उडवतो तेव्हा पुढच्या काही पायऱ्यांत युरेनियम-२३२ तयार होते आणि ते युरेनियम-२३३मध्येच मिसळून राहते. दोन्ही युरेनियमच असल्याने रासायनिक क्रियेने ते वेगळे होत नाही. त्याच्या वंशातले थॅलियम-२०८ हे २.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे भेदक गॅमा किरण सोडते. त्यामुळे शुद्ध केलेले इंधनही काही महिन्यांत पुन्हा तापदायक होते आणि ते जाड भिंतींआडून, यांत्रिक हातांनीच हाताळावे लागते.

(दृश्य: कल्पक्कम, तमिळनाडू)

भारतात हे इंधन प्रत्यक्ष पाहायचे, तर कल्पक्कमला जावे लागते. तेथील कामिनी ही अवघ्या ३० किलोवॅटची अणुभट्टी युरेनियम-२३३ आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर चालते. तिच्याआधी मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पूर्णिमा या छोट्या भट्ट्यांवर युरेनियम-२३३चे प्रयोग झाले होते. १९९६ साली सुरू झालेली कामिनी वीज तयार करत नाही. तिचे न्यूट्रॉन शेजारच्या वेगवान प्रजनक चाचणी भट्टीतून काढलेल्या इंधनाच्या कांड्यांची छायाचित्रे घेण्यासाठी वापरले जातात.