‘मुक्त झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

(लातूर येथे एम.ए. इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या निबंधांचा गठ्ठा परवा रात्री तपासून झाला. प्रश्न सगळ्यांना एकच होता: ‘17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, हे विधान कितपत योग्य आहे?’ निम्म्याहून जास्त जणांनी सुरुवात केली ती ‘मराठवाडा ही संतांची भूमी आहे’ इथून. नरसीचे नामदेव आले, पैठणचे एकनाथ आले. एकाने तर सातवाहनांपासून पाया घातला आणि त्याच्या निबंधात निजाम उगवायला दुसऱ्या पानाची शेवटची ओळ उजाडली. माहिती चुकीची नाही. पण प्रश्न संतांचा नव्हताच.

प्रस्तावना लिहिण्याआधी प्रश्नातल्या कोणत्या शब्दावर उत्तर फिरते ते शोधा. इथे असे दोन शब्द आहेत, ‘मराठवाडा’ आणि ‘मुक्त’. ‘सप्टेंबर’ची व्याख्या कोणी मागत नाही. ‘निजाम म्हणजे कोण’ हेही लिहायची गरज नाही, तपासणाऱ्याला ते ठाऊक आहे. ज्या शब्दाचा अर्थ बदलला की निष्कर्ष बदलतो, त्याचीच व्याख्या करायची.

सोपा शब्द आधी घेऊ. आज मराठवाडा म्हटले की आठ जिल्हे डोळ्यांपुढे येतात. 1948 मध्ये हैदराबाद संस्थानातले मराठी जिल्हे पाच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. लातूर जिल्हा 1982 चा. आता या वर्गात उदगीर, निलंगा, अहमदपूरची बरीच मुले बसली आहेत. तुमचे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, ते 1956 च्या राज्य पुनर्रचनेत इकडे आले. म्हणजे ‘पाच जिल्हे’ एवढेच लिहिलेत तर तुमचे स्वतःचे गाव निबंधाबाहेर गेले, आणि पुढे तिसऱ्या पानावर तुम्ही उदगीरचे उदाहरण दिलेत की निबंध स्वतःशीच भांडायला लागला. व्याख्या लिहिली की ती शेवटच्या ओळीपर्यंत पाळावी लागते. चूक बहुधा तिथेच होते.

आता ‘मुक्त’. बऱ्याच जणांनी शब्दकोशातला अर्थ दिला, ‘बंधनातून सुटका’. त्याने काम भागत नाही. कशापासून सुटका? कोणाची? माझी आजी ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द कधीच वापरत नसे. तिच्या बोलण्यात दोनच शब्द, आधी ‘रझाकारी’ आणि मग ‘ॲक्शन’. सरकारनेही तेव्हा ‘पोलीस कारवाई’च म्हटले. लष्कर रणगाड्यांसह घुसले आणि नाव पोलिसांचे, कारण हैदराबादने तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती आणि भारताला हा घरातला प्रश्न आहे असे दाखवायचे होते. म्हणजे कोणताही शब्द निवडला की त्यासोबत एक बाजू येते. तुम्ही तो नकळत वापरलात तर ती बाजूही नकळत घेतलीत.

तर ‘मुक्त’चे अर्थ वेगळे करू. पहिला अर्थ रझाकारांच्या दहशतीतून सुटका. 13 सप्टेंबरला फौजा शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसरा अर्थ निजामाची सत्ता जाणे. ती एका दिवसात गेली नाही. त्यानंतर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते, फर्माने मात्र निजामाच्याच नावाने निघत राहिली, आणि 26 जानेवारी 1950 नंतर तोच निजाम राजप्रमुख झाला, थेट 1956 पर्यंत. तिसरा अर्थ लोकांनी निवडलेले सरकार. ते 1952 च्या निवडणुकीनंतर आले. शब्द एक, आणि तारखा तीन.

इथे एक लबाडी सहज होते. तिसराच अर्थ खरा असे ठरवले की विधान चूक ठरते, पहिलाच धरला की बरोबर. उत्तर आधी ठरवून व्याख्या मागून बेतलेली, अंगरख्याच्या मापाचा माणूस शोधावा तशी. त्यातून वाट एकच: एखाद्या अर्थाला जास्त वजन देत असाल तर का, हे सांगायचे, आणि ते कारण त्या काळातूनच काढायचे. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस उभी राहिली तेव्हा तिची मागणी होती निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. म्हणजे तिसरा अर्थ तुमच्या मनाचा नाही, लढणाऱ्यांनी स्वतः मागितलेला आहे. हे कारण टिकते.

एवढी जुळवाजुळव झाली की प्रस्तावना अशी उभी राहते. ऐका:

‘या निबंधात मराठवाडा म्हणजे 1948 च्या हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्हे, आणि बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके. “मुक्त” या शब्दाचे तीन अर्थ वेगळे केले आहेत: रझाकारांपासून सुटका, निजामाच्या सत्तेचा शेवट आणि निवडलेले सरकार. पहिल्या अर्थाने 17 सप्टेंबर बरीचशी टिकते, दुसऱ्याने ती फक्त सुरुवात ठरते, तिसऱ्याने ती टिकत नाही. स्टेट काँग्रेसची मूळ मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, म्हणून तिसरा अर्थ निर्णायक धरला आहे. त्यामुळे 17 सप्टेंबरला दहशतीचा शेवट म्हणता येते, मुक्तीचा शेवटचा टप्पा म्हणता येत नाही.’

त्यात मी ‘बरीचशी’ लिहिले, ‘पूर्णपणे’ लिहिले नाही. कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड या भागांत मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. केंद्राने चौकशीला पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. त्या घरांसाठी 17 सप्टेंबरनंतर भीती सुरू झाली. ‘सुटका कोणाची’ हा प्रश्न निबंधाच्या पहिल्या भागात सोडवावा लागेल, आणि तो येणार आहे याची खूण एका ‘बरीचशी’ने प्रस्तावनेत पडते.

याच्या उलट, तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिले होते, ‘प्रस्तुत निबंधात मुक्तिसंग्रामाचा सविस्तर आढावा घेतला आहे.’ ही मांडणी नाही, बसची पाटी आहे. ओळखायची खूण सोपी. वाक्याच्या शेवटी ‘नाही’ लावून पाहा. ‘आढावा घेतलेला नाही’ असे म्हणत तुमच्याशी कोण वाद घालेल? पण ‘17 सप्टेंबर हा मुक्तीचा शेवटचा टप्पा नाही’ म्हणा, आणि ध्वजवंदनाहून परतलेले निम्मे लोक तुम्हाला गाठतील. वाद घालता येतो तेच मत. दुसरी तपासणी निबंध संपल्यावर करायची: प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ कागदावर उतरवा आणि प्रस्तावनेशी ताडून पाहा. बऱ्याचदा लिहिता लिहिता मत सरकलेले असते. तेव्हा प्रस्तावना बदला, आणि त्यात कमीपणा मानू नका. मी आजही ती दोनदा लिहितो.

शेवटी एकाने विचारले, ‘सर, परीक्षेत दोनदा लिहायला वेळ कुठला?’ बरोबर आहे. तिथे मागच्या पानावर तीन ओळी लिहा: अडणारा शब्द, त्याचे अर्थ, माझे उत्तर. पाच मिनिटे जातात. मग पहिले पान उघडा.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. ‘सर, मी उदगीरची. मग मी माझ्या आजोबांची हकीकत लिहायची की नाही?’

लिहा की. फक्त बीदर जिल्हा म्हणून लिहा, आणि तसे पहिल्या ओळीतच सांगून टाका.