गच्चीवरचं होर्डिंग: भाड्याआधी उतरवण्याची अट

(दृश्य: सोलापूर, आसरा चौक ते होटगी रोड. गच्च्यांवरचे लोखंडी सांगाडे, काहींवर फ्लेक्स, काही रिकामे.)

आसरा चौकाजवळची एक तीन मजली इमारत धरू. मालक तीन भाऊ. जाहिरात एजन्सीला गच्चीवर तीस फूट रुंद, वीस फूट उंच होर्डिंग उभं करायचंय, म्हणजे सहाशे चौरस फूट. महिना चौरस फुटाला वीस रुपये असा दर ठरला, असं समजू. महिन्याला बारा हजार, वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. हे आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत. प्रत्यक्ष दर चौकाप्रमाणे, रस्त्यावरून फलक किती लांबून दिसतो त्याप्रमाणे बदलतो.

एवढं बोलणं झालं की बहुतेक ठिकाणी सह्या होतात. खरं तर बोलणं इथून सुरू व्हायला हवं, आणि तेही करार संपताना हा सांगाडा उतरवायचा कसा आणि कुणी, या प्रश्नापासून. मुदत, अनामत, परवानगी या सगळ्या अटी त्याच्या उत्तरावर उभ्या राहतात.

(दृश्य: सांगाड्याचे पाय, बेस प्लेट, अँकर बोल्ट.)

आधी लोखंड पाहू. ताशी शंभर किलोमीटरचा वारा सहाशे चौरस फुटांच्या फलकावर सरळ आदळला, तर त्यावर किमान अडीच टनांचा जोर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात वळवाआधी जे वारं सुटतं, त्यात फलक नुसता मागे ढकलला जात नाही. सांगाड्याचे पुढचे पाय वर उपटले जातात आणि मागचे खाली दाबले जातात. म्हणून पाय कॉलमवर किंवा तुळईवर यायला हवेत. नुसत्या स्लॅबवर किंवा कठड्यात अडकवलेला सांगाडा पाहिला, तर त्या कामाला होकार देऊ नका. पायांच्या मुळाशी स्लॅबला बारीक भेगा दिसल्या, बोल्टभोवती गंजाचे ओघळ आले किंवा खालच्या खोलीत छताला ओल धरली, तर सांगाडा हलतोय असं समजा आणि इंजिनियरला बोलवा. बांधकाम सोसेल याचं स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र एजन्सीनं आणायचं. मात्र त्यात तुमच्या इमारतीचा प्रत्यक्ष नकाशा आणि पाय बसवायच्या जागा असल्याच पाहिजेत. दुसऱ्या इमारतीसाठी केलेला कागद नाव बदलून चालत नाही.

(दृश्य: गच्चीवरून विमानतळाच्या दिशेचं आभाळ.)

होटगी रोडच्या बाजूला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. विमानतळाच्या परिसरात उंचीवर मर्यादा असते. ती गच्चीपासून मोजत नाहीत. समुद्रसपाटीपासून फलकाच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. याच विमानसेवेच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. होर्डिंग चिमणीएवढं उंच नसतं, पण तुमच्या इमारतीवर किती उंची चालते, ते अर्ज करण्याआधी तपासून घ्या.

मुख्य परवानगी महापालिकेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 244 कलमात गच्चीवरच्या अशा फलकाला आकाशचिन्ह म्हटलंय, आणि त्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. भिंतीवरच्या जाहिरातीसाठी 245 कलम आहे. 244 मधल्या दोन गोष्टी मालकानं लक्षात ठेवाव्यात. पहिली, ही परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही. दुसरी, ती मध्येच आपोआप रद्द होऊ शकते. फलकात भर घातली किंवा बदल केला, फलकाचा एखादा भाग जरी पडला, किंवा फलकाला धक्का लागेल असं वाढीव बांधकाम इमारतीत केलं, की परवानगी गेली. धाकट्या भावाला पुढच्या वर्षी गच्चीवर खोली चढवायची असेल, तर ते एजन्सीला आजच सांगा आणि करारात लिहा.

मग परवानगी दोन वर्षांची आणि करार समजा नऊ वर्षांचा, हे कसं जमायचं? करार मोठ्या मुदतीचा असायला हरकत नाही, पण त्यात एक वाक्य हवं: परवानगी रद्द झाली किंवा नूतनीकरण झालं नाही, तर करार त्या दिवशी संपेल आणि तीस दिवसांत सांगाडा उतरवला जाईल. हे वाक्य नसेल तर एजन्सी भाडं थांबवते आणि लोखंड मात्र गच्चीवर राहतं. बेकायदा फलक काढण्याची नोटीस महापालिका इमारतीच्या मालकालाही देऊ शकते. होर्डिंग आपलं नाही, हे उत्तर तिथं पुरत नाही.

(दृश्य: कराराचा मसुदा. तिघा भावांच्या सह्यांची जागा.)

कराराचा प्रकारही जपून निवडा. भाडेपट्टा दिला की जागेत हक्क तयार होतो, आणि एका वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावीच लागते. नुसती वापराची परवानगी, म्हणजे लायसन, दिलं तर ते सहसा मागे घेता येतं. पण 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचं 60 वं कलम सांगतं की, लायसनच्या भरवशावर समोरच्यानं खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ते मागे घेता येत नाही. म्हणून ‘सांगाडा तात्पुरता असून काढून नेता येण्याजोगा आहे’ असं करारात स्पष्ट लिहून घ्या. सह्या तिघा भावांच्या हव्यात. अपार्टमेंट असेल तर एकट्या चेअरमनची सही पुरत नाही, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

आता अनामत. रिवाज तीन महिन्यांच्या भाड्याचा, म्हणजे इथं छत्तीस हजार. उलटा हिशोब करून पाहा. एजन्सी निघून गेली आणि सांगाडा तुम्हाला उतरवावा लागला, तर क्रेन, गॅस कटर, कामगार, बोल्टची भोकं बुजवणं आणि वॉटरप्रूफिंग मिळून साठ हजारांचा अंदाज निघाला, असं धरू. छत्तीस हजारांत हे भागत नाही. अनामत उतरवण्याच्या खर्चावरून ठरवा, इथं सहा महिन्यांची, बहात्तर हजार. मुदतीनंतर सांगाडा राहिला तर तो प्रत्यक्ष खाली येईपर्यंत दुप्पट दरानं रक्कम लागू राहील, हेही लिहा. जाहिरात मिळाली नाही म्हणून रिकाम्या दिवसांचं भाडं कापण्याची अट एजन्सी पुढे करेल. ती मान्य करू नका. तुम्ही जागा दिली आहे, जाहिरात आणून द्यायचं काम तुमचं नाही.

(दृश्य: फ्लेक्स उतरवणारे कामगार. खाली अडवलेला रस्ता.)

13 मे 2024 ला घाटकोपरमध्ये 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग वादळात कोसळून सतरा माणसं गेली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पुण्यातली 5 ऑक्टोबर 2018 ची घटना मात्र फारशी आठवत नाही. जुन्या बाजाराजवळ होर्डिंग काढण्याचं काम चालू असतानाच सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चौघांचा जीव गेला. त्यामुळे उतरवण्याची पद्धतही करारातच ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. इंजिनियर हजर असताना, खालचा रस्ता अडवून काम करायचं. आधी फ्लेक्स काढायचा, म्हणजे वारा धरायला पृष्ठभाग उरत नाही. मग वरच्या आडव्या पट्ट्या, आणि तिरके आधार खालपर्यंत पोचेस्तोवर ठेवायचे. पाय सगळ्यात शेवटी. त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा या दिवसापर्यंत चालू हवा. बरेच विमे करार संपण्याच्या तारखेलाच संपतात.

लोखंड गेल्यावर बोल्ट स्लॅबलगत कापून भोकं ग्राऊटनं भरायची, त्यावर वॉटरप्रूफिंग करायचं आणि एक पावसाळा छत कोरडं राहिलं की मगच उरलेली अनामत परत द्यायची. फलक काढल्याचं पत्र फोटोंसह महापालिकेत द्यायचं आणि पोच घ्यायची. ती पोच मूळ कराराला जोडून ठेवा. पुढे त्या फलकाच्या शुल्काची मागणी आली, तर तोच कागद दाखवावा लागेल.