ताशी ६० मैल, आणि ५/१८ चा घोळ

आज एकच गणित घेतोय, पण ते नीट शेवटपर्यंत नेऊया. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्या अजून मैलातच आहेत आणि तिथल्या हायवे कोडमध्ये एक तक्ता आहे, गाडी कुठल्या वेगाला किती अंतरात थांबते त्याचा. ताशी ६० मैलांना काय दिलंय बघा, ड्रायव्हरला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी १८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर अजून ५५ मीटर, म्हणजे एकूण ७३. प्रश्न असा की ब्रेक लागल्यावर त्वरण किती, आणि ड्रायव्हरला किती सेकंद लागले असं यात धरलंय?

अंतरं मीटरमध्ये आहेत, वेग मैलात. आता आपल्याकडे काय होतं की शाळेत ५/१८ ने गुणायचं इतकं पाठ झालेलं असतं की 'ताशी' वाचलं की हात आपोआप तिकडेच जातो. ६० गुणिले ५/१८, आले १६.६७ मीटर पर सेकंद, झालं, पुढे चला. पण ५/१८ म्हणजे १००० भागिले ३६००, त्यात किलोमीटर बसलाय, मैल नाही. मैल १६०९.३४४ मीटरचा. हा आकडा अंदाजे नाहीये बरं का, १९५९ च्या करारात यार्ड बरोब्बर ०.९१४४ मीटर ठरला आणि मैलात १७६० यार्ड, म्हणून तो नेमका येतो.

म्हणून मी सांगतो की सूत्र पाठ करण्यापेक्षा एकक सोबत लिहीत जा. मैल कापायचाय म्हणून वर १६०९.३४४ मीटर, खाली १ मैल, तास कापायचाय म्हणून वर १ तास, खाली ३६०० सेकंद. १६०९.३४४ भागिले ३६०० म्हणजे ०.४४७०४. ताशी ६० मैलांना तर त्याहून सोपं, तासाला ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, १६०९.३४४ भागिले ६०, वेग २६.८२ मीटर पर सेकंद.

आता पुढचं. गाडी शेवटी थांबते, म्हणून त्वरणाचं मूल्य

a = v² / 2d

२६.८२ चा वर्ग साधारण ७१९.४, खाली दोनदा ५५ म्हणजे ११०, उत्तर ६.५४ मीटर पर सेकंद वर्ग, दिशा वेगाच्या उलट. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला हे जमतं, g च्या दोन तृतीयांश आहे. आणि १८ भागिले २६.८२ म्हणजे ०.६७ सेकंद, तो ड्रायव्हरचा वेळ.

चुकलं असतं तर कळलं असतं का? ६० तसाच टाकला तर ३६०० भागिले ११०, म्हणजे ३२.७, g च्या तिप्पट, साधी कार असं थांबत नाही, लगेच डोळ्यात भरतं. पण ५/१८ वाली चूक फार वाईट, कारण तिथे उत्तर येतं २.५३, आणि हळू ब्रेक मारला तर इतकं त्वरण खरंच असतं, वेळ येतो १.०८ सेकंद, तोही पटण्यासारखा, म्हणजे उत्तराकडे नुसतं बघून शंकासुद्धा येत नाही. वेग १.६०९ पट कमी धरला गेला आणि सूत्रात त्याचा वर्ग आहे, म्हणून त्वरण २.५९ पट कमी आलं.

तिसरी चूक जरा लपलेली आहे. काही जण आधी ६० चा वर्ग करतात आणि मग ०.४४७ ने एकदाच गुणतात. वर्ग वेगाचा केलाय ना, मग एककाचाही वर्ग झाला, दोनदा गुणायला हवं. एकदाच गुणलं तर १४.६ येतं, आणि एकक लिहिलं असेल तर एक 'मैल पर तास' तसाच उरलेला दिसतो, तिथेच चूक पकडता येते. मी तर म्हणेन आधी वेग बदलून घ्या, मग वर्ग करा.

तपासायला तोंडी हिशोब असा करा. मैलांचा आकडा निम्मा करा आणि त्या निम्म्यातून दहावा भाग काढा. ६० चे ३०, त्यातून ३ गेले, २७. खरं उत्तर २६.८२, म्हणजे एक टक्क्याचाही फरक नाही. १६.६७ तर याच्या जवळपासही नाही. फक्त हा २७ तपासण्यापुरताच ठेवा, तोच सूत्रात टाकला तर वर्गामुळे फरक दुप्पट होतो आणि ६.५४ च्या जागी ६.६३ येतं.

त्याच तक्त्यात ताशी ७० मैलांना २१ आणि ७५ मीटर दिलंय. वेग ३१.२९, वर्ग साधारण ९७९, भागिले १५०, आलं ६.५३. आणि २१ भागिले ३१.२९ परत ०.६७ सेकंदच. म्हणजे दोन्ही ओळी एकाच गृहीतकावर बांधल्यात, तोच वेळ आणि तेच ब्रेक. ३० मैलांची ओळ तुम्ही करा, तिथे ९ आणि १४ मीटर आहे, त्वरण ६.४ च्या आसपास येईल, कारण १४ हा पूर्णांकात दिलाय आणि इतक्या कमी अंतरात अर्ध्या मीटरनेही उत्तर हलतं.