दोन कॉलमच्या रेझ्युमेचं एका कॉलमात पुनर्वसन

नमस्कार. विषय वाचूनच तुम्ही आलात, म्हणजे बहुतेकांकडे डाव्या बाजूला रंगीत पट्टी असलेला रेझ्युमे आहे. हात वर करू नका, चेहऱ्यांवरून कळतंय. (हशा)

त्याचं रूपांतर कसं करायचं ते मी सांगणारच आहे, पण त्या पट्टीशी माझं जुनं भांडण आहे, ते आधी. तिच्यात कौशल्यांची वर्तुळं असतात. पायथन ८० टक्के, एसक्यूएल ९० टक्के. कशाचे टक्के? पेपर कुणी तपासला? (हशा) आणि गंमत अशी, की वर्तुळ हे चित्र आहे. फाइलमधला मजकूर उपसणाऱ्या पार्सरला त्यातलं काहीच दिसत नाही. ज्या नव्वदवर एवढी छाती फुगवली, तो उमेदवाराच्या स्क्रीनवरच राहतो.

आता एका मुलीची गोष्ट. डेटा विश्लेषक, काम उत्तम. तिने रेझ्युमे अपलोड केला आणि अर्जाचा फॉर्म आपोआप भरला गेला. घाईत ‘पुढे’ दाबण्याआधी तिने तो मला दाखवला, हे बरं झालं. पदाच्या चौकटीत आलं होतं ‘पायथन वरिष्ठ विश्लेषक’. त्याखाली ‘एसक्यूएल जानेवारी २०२१ ते आजपर्यंत’. फोनची चौकट रिकामी.

हे असं का? पीडीएफला कॉलम ही गोष्ट ठाऊकच नसते. त्या फाइलीत साधारण एवढंच असतं: हे अक्षर पानावर अमुक जागी काढा, ते तमुक जागी. वाचायचा क्रम वाचणाऱ्याने ठरवायचा. पार्सर वरून खाली, डावीकडून उजवीकडे ओळी जुळवत गेला, की पट्टीतलं ‘पायथन’ आणि त्याच उंचीवरचं तिचं पद एका ओळीत येऊन बसतात. फोन का गेला? तिने मूळ फाइल वर्डमध्ये केली होती आणि फोन पानाच्या हेडरमध्ये टाकला होता. अनेक पार्सर हेडर वाचतच नाहीत. टेक्स्ट बॉक्सचंही पुष्कळदा तेच होतं.

लोक म्हणतात, यंत्राने नाकारलं. बहुतेक वेळा यंत्र नाकारत बिकारत नाही, ते चौकटी भरतं. मग भरती करणारा माणूस ‘वरिष्ठ विश्लेषक’ असा शोध घेतो, आणि ‘पायथन वरिष्ठ विश्लेषक’ त्या यादीत वर येईलच असं नाही. काही पार्सर कॉलम नीट ओळखतात हेही खरं. पण तुमच्या वाट्याला कोणता येणार, हे तुम्हाला कुठे कळतं?

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? पाच. बरं. (हशा)

तर मूळ विषय. जुन्या फाइलची डागडुजी करू नका, आणि पीडीएफमधून उचलून चिकटवू नका, तो गोंधळही सोबत येतो. कोरं डॉक्युमेंट उघडा आणि हातानं क्रम लावा: नाव, त्याखाली साध्या ओळीत फोन आणि ईमेल, मग अनुभव, शिक्षण, कौशल्यं. फोनच्या चित्राऐवजी ‘फोन’ असा शब्द लिहा. शब्दामागे दडवलेली लिंक पूर्ण पत्ता म्हणून लिहा. टेबल नको, टेक्स्ट बॉक्स नको.

अनुभवात प्रत्येक नोकरीला एकच साचा: पद, कंपनी, महिना आणि वर्ष, मग कामं. पट्टीतली कौशल्यं स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहा आणि त्यातली महत्त्वाची कामाच्या वाक्यात पुन्हा आणा. तिच्या ‘पायथन ८० टक्के’ची जागा ‘विक्रीचा मासिक अहवाल पायथनमध्ये स्वयंचलित केला’ या ओळीने घेतली. टक्के गेले, पण पुरावा आला.

मग तपासणी. पीडीएफ उघडा, सगळं निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वरपासून वाचा. पदाच्या ओळीत परका शब्द घुसला, किंवा नाव सुट्या सुट्या अक्षरांत फुटलं, तर दुरुस्ती बाकी आहे. मजकूर निवडलाच जात नसेल, तर ते पान नसून फोटो आहे. टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी:

```
pdftotext -layout resume.pdf -
```

`-layout` मुद्दाम दिलंय. नुसती आज्ञा कॉलम ओळखायचा प्रयत्न करते आणि सगळं आलबेल वाटतं. हा पर्याय पानावरची मांडणी तशीच ठेवतो, त्यामुळे कुठली ओळ कुणाच्या शेजारी बसलीय ते दिसतं.

शेवटचं, कारण संयोजक उभे राहिलेत. चिकटवलेल्या मजकुरात ‘certified’ शोधून बघा. काही फाँट ‘f’ आणि ‘i’ मिळून एकच जोडचिन्ह, म्हणजे लिगेचर, काढतात. शब्द डोळ्यांना दिसतो, शोधात सापडत नाही. तसं झालं तर लिगेचर बंद करा किंवा फाँट बदला. आणि हो, रंगीत पट्टीवाली फाइल फेकू नका, मुलाखतीत हातात द्यायला ती चालेल. फक्त वर्तुळं काढा. (हशा)