शॉर्ट सर्व्हिसवर बॅकहँड फ्लिक: पाय आधी, मनगट नंतर

(दृश्य: कोल्हापूर, जुलै. पत्र्यावर पावसाचा आवाज. हॉलमध्ये एका टेबलावर टेबल टेनिसचा सराव चालू आहे.)

निवेदन: सर्व्हिस फोरहँडच्या कोपऱ्यात, नेटजवळ. भरपूर बॅकस्पिन. क्लबमधले बहुतेक चांगले खेळाडू इथे पुश करतात आणि पुढचा हल्ला समोरच्याच्या हातात देतात. दुसरा मार्ग म्हणजे टेबलाच्या आत शिरून बॅकहँडने फ्लिक मारणे, ज्याला खेळाडू चिकिता किंवा बनाना फ्लिक म्हणतात. २०११ आणि २०१३ मध्ये जागतिक विजेता ठरलेल्या चीनच्या झँग जिकेने या फटक्याला रिसीव्हचं मुख्य हत्यार केलं. फोरहँडच्या बाजूला आलेल्या शॉर्ट चेंडूवरही तो बॅकहँडनेच आत शिरायचा.

या फिल्ममध्ये आपण तेवढाच एक प्रसंग घेणार आहोत: दोघेही उजव्या हाताचे, सर्व्हिस फोरहँडला शॉर्ट.

(दृश्य: सर्व्हिस संथ गतीत. कॅमेरा सर्व्हिस करणाऱ्याच्या टेबलावरच्या पहिल्या टप्प्यावर.)

निवेदन: निर्णय इथे होतो. चेंडूचा पहिला टप्पा सर्व्हिस करणाऱ्याच्या शेवटच्या रेषेजवळ पडला, तर सर्व्हिस बहुधा लांब येणार आणि आत शिरलेला खेळाडू अडकणार. टप्पा नेटच्या बाजूला सरकलेला असेल, तर चेंडू शॉर्ट. स्पिन ओळखण्यासाठी चेंडूवरचा शिक्का बघावा. तो स्पष्ट दिसत राहिला तर चेंडू जवळजवळ बिनस्पिनचा आहे, मग बॅटचा हावभाव कितीही जोरात असू दे. शिक्का पुसट झाला, तर स्पिन आहे.

(दृश्य: फक्त पाय. उजवा बूट टेबलाखाली जातो.)

निवेदन: आता पाय. डाव्या पायाची अगदी छोटी हालचाल अंतर जुळवते, मग उजवा पाय टेबलाखाली, चेंडूच्या दिशेने. चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेतो, त्याच सुमारास हा पाय टेकलेला हवा. पाय उशिरा टेकला तर फटका मारतानाही शरीर पुढे जात राहतं, आणि चेंडू नेटमध्ये जाणार की टेबलाबाहेर, हे नशिबावर उरतं. वजन उजव्या पायावर, छाती टेबलावर झुकलेली. हात लांबवून चेंडू गाठू नये. शरीर जवळ नेलं की हाताला काम करायला जागा मिळते.

(दृश्य: प्रशिक्षक टेबलाच्या बाजूला उभे.)

प्रशिक्षक: काय रे, हात कुठपर्यंत ताणायलास? पाय घाल की आत!

खेळाडू: सर, पाय घातला, पण चेंडू निसटला.

प्रशिक्षक: कोपर मागं राहिलंय तुझं. पुढं आण. खांद्याच्या पुढं.

निवेदन: कोपर हाच या फटक्याचा खुंटा. ते थोडं वर आणि शरीराच्या पुढे धरलं की त्याच्याभोवती पुढचा हात फिरू शकतो. बॅटचं टोक खाली आणि स्वतःच्या पोटाकडे वळलेलं, मनगट आत मुडपलेलं. पकड सैल. घट्ट मुठीत मनगट फिरत नाही, आणि मग खेळाडू कोपरच वर उचलून चेंडू ढकलतो. चेंडू टेबलाबाहेर जातो तो बऱ्याचदा यामुळेच.

(दृश्य: मनगट, अतिसंथ गतीत.)

निवेदन: क्रम पाहा. आधी पुढचा हात निघतो, मनगट त्याच्या मागे किंचित रेंगाळतं आणि चेंडूला लागायच्या क्षणी झटक्याने उलगडतं. बोटांचा दाबही तेवढ्या क्षणापुरताच. मनगट आधीच उलगडलं तर चेंडू गाठेपर्यंत वेग संपलेला असतो आणि रबर नुसतं टेकतं. बॅकस्पिन मग चेंडूला खाली खेचतो.

स्पर्शही नीट समजून घ्यायला हवा. बॅकस्पिनचा चेंडू आडव्या अक्षाभोवती फिरत असतो. अगदी मागे मधोमध रबर लावलं, तर त्याच्या पूर्ण फिरकीशी सामना करावा लागतो. अक्षाची टोकं दोन्ही बाजूंना असतात आणि तिथे पृष्ठभागाचा वेग कमी असतो. म्हणून स्पर्श थोडा बाजूला घेत बॅट चेंडूभोवती वळवली की रबर चेंडू पकडतं. फटक्यात साइडस्पिन येतो तो त्यामुळे. स्पिन जितका जड, तितकं घासणं जास्त आणि ढकलणं कमी.

(दृश्य: एकच फटका तीन वेळा: लवकर, वेळेवर, उशिरा.)

निवेदन: वेळ साधायची ती टप्प्यानंतर चेंडू सर्वात उंच असताना. नेट १५.२५ सेंटीमीटर उंच आहे आणि शॉर्ट चेंडू फार उसळत नाही, त्यामुळे हाताशी असलेली उंची थोडीच. उतरता चेंडू घेतला तर तो नेटखाली गेलेला असतो. तो वर उचलावा लागतो, वेग मरतो आणि समोरच्याला सोपा टॉपस्पिन मिळतो. वर चढणाऱ्या चेंडूवर मारला तर मनगट तयार व्हायला वेळ पुरत नाही. चूक ओळखायची खूण सोपी आहे: फ्लिक पोचला पण संथ आणि उंच गेला, तर तुम्ही उशिरा आलात. नेटच्या तळाशी आपटला, तर बहुधा बॅट फार मिटलेली होती किंवा रबरने चेंडू पकडलाच नाही.

(दृश्य: वरून टेबल. बाणाने चेंडूचा मार्ग.)

निवेदन: आता दिशा. आपण उजव्या बाजूला आत शिरलोय, म्हणजे बॅकहँडचा कोपरा उघडा. सरळ रेषेत फ्लिक मारला तर चेंडू समोरच्याच्या बॅकहँडला जातो आणि त्याच्याकडून तिरका ब्लॉक थेट त्या उघड्या कोपऱ्यात येतो. म्हणून सुरुवातीला लक्ष्य ठेवा समोरच्याच्या कोपराजवळचं, म्हणजे शरीराच्या मध्यावरचं. तिथून त्याला फार रुंद कोन मिळत नाही, शिवाय बॅकहँड की फोरहँड हे ठरवताना तो क्षणभर अडतो. सरळ रेषेतला फ्लिक त्याच्या डोक्यात मध्य बसल्यावर.

फटका संपताच उजव्या पायाने जमीन ढकलून मागे आणि डावीकडे यायचं. फ्लिक बघत उभा राहिलेला खेळाडू पुढचा पॉइंट देतो. बॅटचा झोका छोटा ठेवला तर ही परत येण्याची घाई सोपी होते.

(दृश्य: बास्केटमधून चेंडू देणारे प्रशिक्षक.)

प्रशिक्षक: फ्लिक मार, आणि लगेच बॅकहँडला ये. मी ब्लॉक टाकणाराय.

निवेदन: सराव असाच असावा, दोन चेंडूंचा. पहिला शॉर्ट बॅकस्पिन फोरहँडला, दुसरा वेगात बॅकहँड कोपऱ्यात. नुसत्या फ्लिकचे ढीग मारून फटका सुंदर होतो, पण सामन्यात उपयोगी पडत नाही. मग मध्येच एखादा चेंडू अर्धलांब टाकावा, म्हणजे खेळाडू सवयीने आत शिरणार नाही.

(दृश्य: पाऊस. खेळाडू टॉवेलने रबर पुसतो.)

निवेदन: कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण. दमट हवेत रबरावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, आणि घासण्यावर उभा असलेला हा फटका सर्वात आधी घसरतो. तंत्र बिघडलं असं समजून खेळाडू मनगट आणखी जोरात झटकतात, आणि चेंडू आणखी घसरतो. प्रत्येक गेममध्ये दर सहा पॉइंटनंतर टॉवेलची मुभा असते. तेव्हा रबर आणि हात दोन्ही पुसा. तरीही चेंडू घसरत असेल, तर त्या दिवशी जड बॅकस्पिनवर फ्लिक सोडून शॉर्ट टच किंवा खोल पुश खेळा, आणि फ्लिक राखून ठेवा बिनस्पिनच्या सर्व्हिससाठी. तिथे घासण्यापेक्षा ढकलणं चालतं.